अनियमित पाणीपुरवठ्याचं तक्रारपत्र: लिहायला घेण्याआधीची तयारी

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत पत्रलेखनाला 6 गुण असतात. 80 गुणांसाठी तीन तास, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. त्या हिशेबाने पत्राच्या वाट्याला साधारण तेरा मिनिटं येतात. त्यातली पहिली तीन मिनिटं कच्च्या टिपणाला ठेवा, आठ लिहायला आणि उरलेली दोन तपासायला. टिपणाची तीन मिनिटं वाचवायला गेलं की पत्र साच्यात बसतं, पण मजकुरात ‘पाणी वेळेवर येत नाही, त्यामुळे खूप त्रास होतो’ एवढंच उरतं. साच्याचे गुण मिळतात आणि आशयाचे जातात.

प्रश्न हातात आला की आधी पत्र कोण लिहितंय ते शोधा. ‘जागरूक नागरिक या नात्याने’, ‘वसाहतीचा सचिव या नात्याने’, ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ अशी काहीतरी भूमिका दिलेली असते. त्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढा, कारण शेवटची सही, ‘मी’ की ‘आम्ही’, ‘आपला’ की ‘आपली’ हे सगळं त्यावर ठरतं. नाव दिलं असेल तर तेच वापरा, नसेल तर अ. ब. क. लिहा. स्वतःचं नाव, शाळेचं नाव किंवा बैठक क्रमांक उत्तरात कुठेही येता कामा नये. पत्ता आणि ई-मेलही प्रश्नात दिलेला किंवा काल्पनिकच लिहायचा.

मग पत्र कोणाला जाणार ते ठरवा. इथे घोटाळा बराच होतो. नगरपरिषदेचं प्रशासन मुख्याधिकारी चालवतात, महानगरपालिकेचं आयुक्त. नगराध्यक्ष आणि महापौर हे लोकप्रतिनिधी. रोजच्या पाणीवाटपाची तक्रार त्यांच्या नावे करण्यापेक्षा प्रशासनाकडे करणं योग्य. प्रश्नात नुसतं ‘नगरपरिषदेकडे तक्रार करा’ असं असेल तर ‘मा. मुख्याधिकारी’ लिहा आणि खालच्या ओळीत ‘पाणीपुरवठा विभाग’ घाला. महानगरपालिका असेल तर ‘मा. कार्यकारी अभियंता, पाणीपुरवठा विभाग’ चालतं. ‘मा. मुख्याधिकारी, महानगरपालिका’ अशी भेसळ मात्र होऊ देऊ नका. पत्राच्या सुरुवातीलाच ती चूक दिसते. प्रश्नात पदनाम दिलं असेल तर तेच अक्षरशः उतरवा.

आता टिपणाचा खरा भाग. ‘अनियमित’ हा शब्द तक्रारीचं नाव आहे, तक्रार नव्हे. पाणी अनियमित आहे म्हणजे ठरलेलं काहीतरी मोडलं आहे. म्हणून ठरलेलं काय होतं ते आधी लिहावं लागतं. टिपणात एक ओळ त्यासाठी ठेवा: पाणी रोज येतं की एक दिवसाआड, किती वाजता, किती वेळ. त्याखाली गेल्या पंधरवड्यात प्रत्यक्षात काय झालं ते. परीक्षेत हे सगळं कल्पनेनेच ठरवायचं आहे, पण हिशेब जुळला पाहिजे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. वसाहतीचं नाव शांतीनगर, गाव सुंदरपूर, दोन्ही काल्पनिक. पाण्याची पाळी एक दिवसाआड, सकाळी 6 ते 7. तक्रारीचा काळ 1 ते 15 एप्रिल 2025. एक दिवसाआड म्हणजे 1, 3, 5, 7, 9, 11, 13 आणि 15 तारीख, अशा आठ पाळ्या होतात. त्यांतल्या तीन पाळ्यांना पाणी आलंच नाही, तीन वेळा ते रात्री दोनच्या सुमारास आलं, आणि दोन वेळा वेळेवर आलं पण कमी दाबाने, वीसच मिनिटं. तीन, तीन आणि दोन, आठ पाळ्यांचा हिशेब लागला. पत्राची तारीख या काळानंतरची हवी, म्हणून 16 एप्रिल. आठवड्याचा वार लिहू नका. तो चुकण्याचीच शक्यता जास्त आणि त्याची गरजही नाही.

या टिपणातून तीन वेगवेगळे दोष समोर आले: पाळी चुकणं, वेळ चुकणं, दाब कमी असणं. कार्यालयाच्या दृष्टीने ही तीन वेगळी कामं आहेत. पाळी चुकते तेव्हा जलकुंभ भरलेला नसतो, पंप बंद असतो किंवा वाहिनी फुटलेली असते. वेळ चुकते तेव्हा व्हॉल्व्ह उघडण्याचं वेळापत्रक कोलमडलेलं असतं. दाब कमी असतो तो वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, गळतीमुळे किंवा काही घरांनी नळाला थेट मोटार लावल्यामुळे. यातलं नेमकं कारण कोणतं हे तक्रारदाराला ठाऊक नसतं, म्हणून पत्रात कारण ठामपणे सांगायचं नाही, तपासणी मागायची. ‘आपले कर्मचारी मुद्दाम पाणी सोडत नाहीत’ हे वाक्य इथेच गळतं.

मागण्याही याच तीन दोषांतून काढा. प्रत्येक दोषासमोर एक मागणी लिहिली की पत्राचा शेवट आपोआप तयार होतो: वेळापत्रक निश्चित करावं, व्हॉल्व्ह आणि वाहिनीची तपासणी करावी, पाळी चुकेल त्या दिवशी टँकर द्यावा. नुसतं ‘योग्य ती कारवाई करावी’ लिहिलं तर काय करायचं ते वाचणाऱ्यावरच सोडल्यासारखं होतं.

परिणामांना एकच वाक्य द्या आणि त्यात माणसं दिसू द्या: रात्री जागून पाणी भरणारे वयस्कर रहिवासी, परीक्षेच्या काळात बादल्या वाहणारी मुलं. ‘पाणी म्हणजे जीवन’ हे निबंधातलं वाक्य आहे, तक्रारपत्रात त्याला जागा नाही.

विषयाची ओळ एकच असावी, क्रियापदाशिवाय, आणि तिच्यात ठिकाण यावं: ‘शांतीनगर वसाहतीतील अनियमित पाणीपुरवठ्याबाबत तक्रार.’ आधी तक्रार केली असेल असं धरलं तर विषयाखाली संदर्भाची ओळ येते. संदर्भ म्हणजे आधीच्या अर्जाची तारीख आणि असल्यास कार्यालयाने दिलेला आवक क्रमांक. प्रत्यक्षातही अर्जाच्या दोन प्रती नेतात, एक आवक विभागात देतात आणि दुसरीवर शिक्का व क्रमांक घेऊन ती जपून ठेवतात. पुढच्या पत्रात तोच क्रमांक कामी येतो. परीक्षेत संदर्भ सक्तीचा नाही. घातलाच तर मजकुरात त्याचा एकदा उल्लेख करा, नाहीतर ती ओळ अधांतरी राहते.

साचा ई-मेलच्या धर्तीचा आहे. सगळं डाव्या समासाला धरून येतं, वर तारीख, मग प्रति, विषय, संबोधन, मजकूर, शेवटी सही आणि तिच्याखाली पाठवणाऱ्याचा पत्ता व ई-मेल. जुन्या पद्धतीत पाठवणाऱ्याचा पत्ता वर उजवीकडे असायचा आणि खाली पाकीट काढायचं. घरातली मोठी माणसं तेच शिकवतात. शाळेत जो साचा गिरवून घेतला असेल तोच वापरा, पण एका पत्रात दोन मिसळू नका. पत्ता वरही आणि खालीही आला की गोंधळ उघड दिसतो.

वरच्या टिपणावरून तयार झालेलं पत्र असं:

दिनांक : 16 एप्रिल 2025

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
पाणीपुरवठा विभाग,
सुंदरपूर नगरपरिषद, सुंदरपूर.

विषय : शांतीनगर वसाहतीतील अनियमित पाणीपुरवठ्याबाबत तक्रार.

संदर्भ : दि. 8 एप्रिल 2025 रोजीचा अर्ज.

महोदय,

मी शांतीनगर वसाहतीचा सचिव या नात्याने हे पत्र लिहीत आहे. आमच्या वसाहतीत एक दिवसाआड सकाळी 6 ते 7 या वेळेत पाणीपुरवठा होतो. मात्र 1 ते 15 एप्रिल या काळातील आठ पाळ्यांपैकी तीन वेळा पाणी आलेच नाही, तीन वेळा ते रात्री दोनच्या सुमारास आले आणि दोन वेळा अत्यंत कमी दाबाने केवळ वीस मिनिटे आले.

त्यामुळे वयस्कर रहिवाशांना रात्री जागून पाणी भरावे लागते आणि ऐन परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांचा वेळ पाणी वाहून आणण्यात जातो. याबाबत संदर्भित अर्ज दिला होता, परंतु परिस्थितीत बदल झालेला नाही.

तरी वसाहतीसाठी पाण्याची वेळ निश्चित करून ती पाळली जावी, व्हॉल्व्ह व जलवाहिनीची तपासणी करावी आणि पाळी चुकेल त्या दिवशी टँकरची सोय करावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
अ. ब. क.
सचिव, शांतीनगर वसाहत,
सुंदरपूर.
ई-मेल : abc@xyz.com

मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांचा झाला, तेवढा पुरेसा आहे. तीन परिच्छेदांना तीन कामं आहेत: काय घडलं, त्याने काय झालं, काय हवं. यापेक्षा लांबवलं तर पुढच्या लेखनाच्या वेळेत कपात होते, आणि त्या लेखनाला गुण जास्त असतात.

एकदा लेखी भाषा धरली की ती सोडू नका. वर ‘लिहीत आहे’ लिहून खाली ‘पाणी येत नाहीये’ आलं तर सूर तुटतो. राग पत्रात चालतो, तो आकड्यांतून दिसतो. ‘आपण झोपला आहात काय’ किंवा ‘अन्यथा मोर्चा काढू’ यातून दिसला तर पत्राची औपचारिकता जाते. उलट टोकाला ‘सा. न. वि. वि.’ आणि मोठाली नम्रवचनंही नकोत, ‘महोदय’ पुरतं. अधिकारी महिला असल्याचं प्रश्नात कळत असेल तर ‘महोदया’.

शेवटच्या दोन मिनिटांत पत्र पुन्हा वाचू नका, ठरावीक जागा तपासा. ‘अनियमित’मधली मि ऱ्हस्व, ‘त्वरित’मधली रि ऱ्हस्व, ‘नागरिक’मधली रि ऱ्हस्व, ‘विनंती’तली ती दीर्घ. ‘पाणीपुरवठा’ एक शब्द, तोडून लिहायचा नाही. पत्राची तारीख तक्रारीच्या काळानंतरची आहे ना, संदर्भाची तारीख पत्राच्या आधीची आहे ना. प्रतिमधलं कार्यालय आणि मजकुरातलं कार्यालय एकच आहे ना. भूमिका मुलीची असेल तर ‘आपली विश्वासू’ आणि ‘सचिव या नात्याने लिहीत आहे’ यांत कुठे पुल्लिंगी क्रियापद घुसलेलं नाही ना. आणि सहीच्या जागी घाईत स्वतःचं नाव पडलेलं नाही ना, हे सर्वांत आधी पाहा.