कॅशे नाही, प्रोफाइल बिघडलं होतं

कोपरखैरण्याला ताईकडे गेलो तर तिचा ८ जीबी रॅमचा लॅपटॉप रडत होता, क्रोममध्ये पन्नासेक टॅब उघडे आणि एक अक्षर टाइप केलं की ते दिसायलाच दोन-तीन सेकंद. भावजींनी आधीच कॅशे उडवला होता, पण त्याने काही फरक पडला नाही, उलट साइट्स पहिल्यांदा उघडायला जास्तच वेळ, कारण सगळे फोटो परत डाउनलोड होतात ना.

मी `Shift + Esc` दाबलं, ब्राउजरचाच टास्क मॅनेजर उघडतो, त्यात मेमरीवर क्लिक केलं तर सगळ्यात वर टॅब नाही, एक कूपन शोधणारं एक्स्टेन्शन! ते काढलं, टायपिंग लगेच सुधारलं. पण ब्राउजर सुरू व्हायला अजून मिनिटभर लागायचं आणि सेटिंग्ज सेव्हच होईनात. मग नवीन प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज, बुकमार्क, पासवर्डचा वेगळा कप्पा, बनवून बघितलं तर दोन सेकंदात उघडलं, म्हणजे जुनं प्रोफाइलच करप्ट.

बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून नव्यात आणले, पासवर्डची फाइल इम्पोर्ट झाल्यावर लगेच डिलीट केली, त्यात पासवर्ड उघडे दिसतात. सिंकमध्ये एक्स्टेन्शन्स मात्र बंद ठेवली, नाहीतर जुनी परत यायची. जुनं प्रोफाइल आठवडाभर ठेवायला सांगितलंय, काही राहिलं असेल तर.