बाबांची दुसरी दाढ काढायच्या आधीची तयारी

शनिवारी बाबांची दुसरी दाढ काढायचीय. मागच्या वेळी पेनकिलरचा मी जो घोळ घातला तो परत नको म्हणून हे लिहितेय. घरात कुणाची दाढ काढायची असेल तर वाचा. फाईल, एक्सरे, रिक्षा हे तुम्हाला माहितीच आहे.

सगळ्यात आधी पर्समध्ये बीपीच्या गोळीची स्ट्रिप टाका. चिठ्ठी नको, तोंडी तर अजिबात नको, स्ट्रिपच. मागच्या वेळी डेंटिस्टनी विचारलं काही गोळ्या चालू आहेत का, बाबा म्हणाले बीपीची एक, आणि विषय संपला. पण त्या एका गोळीत दोन औषधं होती, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाईड, हे मी मागची बारीक अक्षरं कधी वाचलीच नव्हती.

डेंटिस्टनी एसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ दिली. रात्री बाबा कळवळायला लागले म्हणून मी घरातली आयब्युप्रोफेन ४०० वाली दिली, तीही पॅरासिटामॉल मिसळलेली. नावं वेगळी म्हणून मला वाटलं औषधंही वेगळी, पण एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक सगळे एकाच जातीचे, त्यातलं एका वेळी एकच घ्यायचं. दोन घेतले तर आराम फारसा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. त्यात तोंड दुखतंय म्हणून दोन दिवस बाबा नीट जेवले नाहीत, पाणीही घोट घोटच. तिसऱ्या दिवशी लघवी कमी, पायावर सूज, उठलं की चक्कर. किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन आधी १.१ असायचं ते १.९ निघालं.

फॅमिली डॉक्टरांनी मग समजावलं. किडनीत रक्त आणणारी नळी उघडी ठेवणारा पदार्थ या जातीच्या पेनकिलर बंद करतात, म्हणून आत येणारं रक्त कमी होतं. टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं, त्यामुळे आतला दाब आणखी पडतो. आणि लघवीच्या औषधाने अंगातलं पाणीच कमी झालेलं. तिन्ही एकत्र आले की किडनीला गाळायला जोर राहत नाही. पेनकिलर थांबवली, पाणी वाढवलं, दहा दिवसांत आकडा १.२ वर आला. नशीब. म्हणून परत सांगते, बीपीची स्ट्रिप दाखवा, आणि त्या भीतीने बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पोटासाठी पँटोप्राझोल मागच्या वेळीही दिली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. ती पोटाला जपते, किडनीला नाही! अल्सर झालेला असेल, रक्त पातळ करायची गोळी किंवा स्टेरॉईड चालू असेल तर तेही आधीच सांगा, आणि काळी डांबरासारखी शौच झाली तर थेट दवाखाना.

खरं तर तरुण, धडधाकट माणसाला, ज्याला किडनी-पोट-दम्याचा त्रास नाही, दाढेच्या दुखण्यावर आयब्युप्रोफेनच जास्त चालतं, कारण ते सूजही उतरवतं. ४०० ची गोळी काहीतरी खाऊन, सहा ते आठ तासांनी, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसात तीनच्या वर नाही. सोबत साधी पॅरासिटामॉल चालते, दोन्ही वेगवेगळ्या रस्त्याने काम करतात म्हणून जोडी चांगली जमते. पण बाबांसारख्यांना नाही. त्यांना या वेळी फक्त पॅरासिटामॉल ६५०, दर सहा तासांनी, म्हणजे दिवसाला २६००. ४००० च्या वर कुणीच जायचं नाही, म्हातारं, अगदी बारीक, पिणारं किंवा लिव्हरचं दुखणं असलेलं माणूस असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून त्याहून कमी. आणि हिशोब करताना सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही धरा, इथेही स्ट्रिपची मागची बाजू वाचल्याशिवाय कळत नाही.

पहिली गोळी भूल उतरायच्या आधी द्या, कळ उठल्यावर नाही. कागदावर वेळ लिहा, रात्री दोनला आठवत नाही.

पेज, ताक घोट घोट, स्ट्रॉ नको. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, तोंड उघडेना तर गोळी वाढवू नका, डेंटिस्टना दाखवा. गिळता येईना, श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल.

बीपीची स्ट्रिप. मी आत्ताच पर्समध्ये टाकली.