नातवाला अटीवर घर द्यायचंय? आधी तारीख लिहा

मागच्या आठवड्यात मामाचा फोन आला. त्याला मृत्युपत्र करायचंय आणि फ्लॅट नातवाला द्यायचाय, पण पोरगं पदवीधर झालं तरच. "तू आबांचं लिहिलं होतंस ना, तसंच लिहून दे," म्हणाला. मी म्हटलं, मामा, तसंच तर अजिबात लिहायचं नाही.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मृत्युपत्र २०१४ साली मीच लिहिलं, माझ्या हातानं. त्यातलं कामाचं वाक्य एवढंच होतं: "माझा नातू पदवीधर झाल्यावर माझे राहते घर त्यास मिळावे." आबांना वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. नातू म्हणजे दादाचा मुलगा. तो तेव्हा चौदा वर्षांचा. आबा २०१६ मध्ये गेले, त्याच वर्षी तो दहावी झाला. त्या एका ओळीनं आमच्या घराची पुढची सात वर्षं खाल्ली. म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय, मामासाठी आणि कुणाला लागली तर त्यांच्यासाठी.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. घर स्वतःच्या नावावर आणि स्वकष्टार्जित आहे का ते पाहा, वडिलोपार्जित असेल तर फक्त आपला हिस्साच देता येतो. साक्षीदार दोन, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष नको. प्रत्येक पानावर सही घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका. डॉक्टरचा दाखला जोडा. हे सगळे सांगतात आणि आम्हीही हे सगळं केलं होतं. खालचं सगळं हिंदू कुटुंबांपुरतं आहे. मुस्लिम कायदा वेगळा आहे आणि गोव्यात तर निम्मी मिळकत जवळच्या वारसांसाठी राखीवच असते, त्यामुळे तिकडच्यांनी तिकडचा वकील गाठावा.

आता मुख्य गोष्ट. तारीख लिहा. अट कधीपर्यंत पूर्ण व्हायला हवी ती तारीख. आमच्या मृत्युपत्रात ती नव्हती.

तारीख नसली तर काय होतं ते भारतीय वारसा कायदा, १९२५ मधल्या कलम १२४ मध्ये आहे, आणि ते मला २०१८ साली ताईच्या वकिलाच्या नोटिशीतून कळलं. अमुक अनिश्चित गोष्ट घडली तर अमुक द्यावं असं लिहिलंय, पण ती कधीपर्यंत घडावी याची मुदत मृत्युपत्रात नाही, तर मिळकत वाटपाला येण्याच्या वेळेआधी ती घडलेली असली पाहिजे, नाहीतर ते देणं लागू होत नाही. ताईचं म्हणणं सरळ होतं. आबा गेले त्या दिवशी मिळकत वाटपाला आली, त्या दिवशी पोरगं दहावीचं, म्हणजे ते वाक्य गेलं. ताईचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. तिनं कायदा वाचला, मी वाचला नव्हता.

दादाच्या वकिलानं उलट बाजू मांडली की घर नातवाचं आबा गेले तेव्हाच झालं, फक्त ताबा पुढे ढकललाय. कलम ११९ प्रमाणे हे होऊ शकतं. पण त्यासाठी वाक्य तसं हवं. "घर नातवास दिले आहे, ताबा पदवीनंतर द्यावा" असं लिहिलं की हक्क मृत्यूच्या दिवशी बसतो आणि फक्त ताबा थांबतो. "पदवीधर झाल्यावर घर मिळावे" असं लिहिलं की हक्कच पदवीला टांगला जातो, म्हणजे कलम १२०. कायद्यातली उदाहरणंही नेमकी हीच आहेत, तिथे पदवीऐवजी अठरा वर्षं पूर्ण होणं आहे: अमक्याला शंभर रुपये, ते त्याला अठराव्या वर्षी द्यावेत, हे एक; तो अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला एक रक्कम, हे दुसरं. पहिल्यात हक्क लगेच, दुसऱ्यात अधांतरी. बोलताना दोन्हींत काही फरक वाटत नाही. मी लिहिताना दुसरं लिहिलं, कारण ते कानाला बरं वाटलं.

तेव्हा आधी ठरवा, खरंच अट घालायची आहे की फक्त पोरगं लहान आहे म्हणून ताबा उशिरा द्यायचाय. बहुतेक आजोबांना फक्त ताबाच उशिरा द्यायचा असतो आणि लिहितात अट. मामाला मी तीनदा विचारलं. त्याला खरंच अट हवी आहे: नाही शिकला तर नाही. ठीक आहे. मग तारीख.

तारीख कशी काढायची? मामाचा नातू २०२७ ला बारावी होईल, इंजिनिअरिंगला गेला तर सरळ २०३१ मध्ये पदवी. त्यात तीन वर्षं सैल सोडली: एखादं वर्ष वाया, एखादी शाखा बदलली, एखादं आजारपण. म्हणून ३० जून २०३४. "योग्य वेळेत" नको. "शिक्षण पूर्ण झाल्यावर" नको. दिनांक, महिना, वर्ष. आणि मामा, तारीख आवळून धरू नकोस, कारण कलम १३७ फार कडक आहे. मुदत दिली की ती पाळायलाच लागते, सवलत फक्त कुणी लबाडीनं अडवलं असेल तरच. आजारपण, पुढे गेलेली परीक्षा, विद्यापीठाचा ढिसाळपणा, यातलं काहीच लबाडीत बसत नाही. २०२० मध्ये आपल्याकडच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबरपर्यंत गेल्या. तेव्हा कुणाच्या मृत्युपत्रात ३१ जुलै लिहिलं असतं, तर परीक्षाच झाली नाही म्हणून कायदा थांबला नसता. म्हणून मुदतवाढीची सोय स्वतः लिहा: परीक्षा किंवा निकाल शासन वा विद्यापीठाच्या कारणानं लांबला तर तेवढेच दिवस वाढीव. तेवढेच, जास्त नाही.

पदवी म्हणजे काय तेही लिहा. आमचा पोरगा २०१९ मध्ये डिप्लोमा झाला, दादानं पेढे वाटले आणि म्हणाला, झाली की पदवी. अरे, ती पदविका! एका अक्षरावरून आमच्या दिवाणखान्यात दोन तास भांडण झालं. मग तो थेट दुसऱ्या वर्षाला गेला, २०२२ च्या जुलैत शेवटचा निकाल लागला आणि प्रमाणपत्र हातात आलं २०२३ मध्ये. आता पदवीधर कधी झाला, जुलैत की समारंभात? हेही आम्ही लिहिलं नव्हतं. मामाच्या मसुद्यात "अंतिम निकाल जाहीर झाल्याचा दिवस" असं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी आहे, चार वर्षांची ऑनर्स आहे, मध्येच बाहेर पडलं तर प्रमाणपत्र किंवा पदविका आहे. तेव्हा कमीत कमी काय चालेल ते स्पष्ट हवं. मुक्त विद्यापीठाची चालेल का? परदेशातली? मामा म्हणाला चालेल. मग तसं लिही, मनात ठेवू नकोस. कॉलेजचं नाव मात्र घालू नका, कॉलेजं बंद पडतात.

आणखी एक. मामाच्या डोळ्यांदेखतच नातू पदवीधर झाला तर? "माझ्या मृत्यूपूर्वी मिळवलेली पदवीही चालेल" ही ओळ हवी. हसू नका, यावरूनही भांडणारे आहेत.

तारखेचा जोडीदार म्हणजे "नाहीतर". अट फसली तर घर कुणाला? हे लिहिलं नाही आणि "उरलेली सर्व मिळकत अमक्याला" असं शेवटचं कलमही नाही, तर त्या घरापुरतं मृत्युपत्र नसल्यासारखंच होतं आणि ते वारसांत वाटलं जातं. आमच्यात आई, दादा, मी, ताई, प्रत्येकी पाव. नातवाला शून्य, कारण त्याचा बाप हयात आहे. म्हणजे मीच चुकीचं लिहिलं आणि त्या चुकीतून माझाच पाव हिस्सा निघत होता. दादा तोंडावर काही बोलला नाही. वहिनी बोलली.

"नाहीतर" लिहिताना एकच कारण लिहून थांबू नका. "पदवी न घेतल्यास घर मुलीला" असं लिहिलं आणि नातू शिकत असतानाच वारला तर? दुसरं देणं ज्या कारणाला बांधलंय तेच कारण घडलं का, हा वाद उभा राहतो. म्हणून मामाचं वाक्य असं केलं: "वरील तारखेपर्यंत ही अट शिक्षण सोडणे, अनुत्तीर्ण होणे, मृत्यू, नकार किंवा अन्य कोणत्याही कारणाने पूर्ण न झाल्यास सदर फ्लॅट माझी मुलगी हिला मिळावा." ती मामाच्या आधी गेली तर तिच्या मुलांना, हेही पुढच्या ओळीत. आणि सगळ्यात शेवटी, उरलेली सर्व मिळकत कुणाला.

तोपर्यंत घर सांभाळणार कोण? व्यवस्थापक नेमा आणि पर्यायीही नेमा. भाडं कुणाच्या खात्यात, घरपट्टी आणि सोसायटीचं मेंटेनन्स कशातून, मामी हयातीपर्यंत राहणार का, विकायचं नाही म्हणजे नाही. अट पूर्ण झाली हे गुणपत्रिका बघून ठरवायचं काम व्यवस्थापकाचंच. आमच्याकडे आई राहत होती म्हणून निभावलं, पण कौलं गळायला लागली तेव्हा खर्च कुणी करायचा यावर तीन पावसाळे गेले.

सोसायटीतलं नॉमिनेशन तपासा. नॉमिनी मालक नसतो, पण तिथे भलतंच नाव असलं की नवीन भांडण. नातू अजून जन्मलाच नसेल तर हा सगळा प्रकार करू नका, त्याचे नियम वेगळे आहेत, वकिलाकडे जा. दरवर्षी एकदा वाचा. मुदत उलटली आणि तुम्ही हयात असाल तर नवीन करा.

आमचं शेवटी २०२३ मध्ये कौटुंबिक तडजोडीवर मिटलं. दादानं ताईला पैसे दिले, मी आणि आईनं सह्या केल्या, घर पोराला गेलं. कोर्टाची पायरी चढलो नाही, वकील मात्र दोघांनीही केले होते. ताई अजून दिवाळीला येते. राहत नाही.

मामाचा मसुदा काल पूर्ण झाला. तारीख दोन ठिकाणी आहे, दोन्हीकडे अंकातही आणि अक्षरातही.