फेस स्वॅपमध्ये तिसराच माणूस येतोय? एम्बेडिंगच्या या चुका टाळा

फेस स्वॅप बिघडला की आपण आधी जनरेटरवर संशय घेतो. रिझोल्यूशन कमी असेल, ट्रेनिंग अपुरं झालं असेल, मास्क नीट बसला नसेल वगैरे. पण एक बिघाड असा आहे की चित्र एकदम स्वच्छ येतं. उजेड जुळलेला, ओठ-डोळे जागेवर, कडा बेमालूम. फक्त ज्याचा चेहरा बसवायचा त्या सोर्सचाही तो नसतो आणि ज्याच्या चित्रावर बसवायचा त्या टार्गेटचाही नसतो, भलत्याच कुणाचा तरी असतो. असं झालं तर जनरेटर बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्याला जे सांगितलं ते त्याने इमाने इतबारे केलेलं असतं, सांगण्यातच घोटाळा झालेला असतो.

हे सांगणं म्हणजे आयडेंटिटी एम्बेडिंग. आर्कफेससारखं चेहरा ओळखणारं नेटवर्क सोर्सचा ११२ × ११२ पिक्सेलचा कातरलेला चेहरा घेतं आणि ५१२ आकडे देतं. स्वॅप मॉडेल सोर्सचा फोटो बघतच नाही, त्याला फक्त हे आकडे मिळतात. २०२० च्या सिमस्वॅपमध्ये ते आत कसे शिरतात ते पाहिलं की बाकी गोष्टी सोप्या होतात. टार्गेटच्या चित्रातून काढलेल्या फीचर मॅपच्या प्रत्येक चॅनेलची सरासरी आणि पसारा आधी पुसून टाकतात. मग ५१२ आकड्यांतून एक साधा लिनियर थर नवी सरासरी आणि नवा पसारा काढतो आणि तो त्या चॅनेलवर चढवतो. म्हणून डोकं किती वळलंय, तोंड किती उघडलंय हे टार्गेटचंच राहतं आणि माणूस बदलतो.

यात एक गोम आहे. हे ५१२ आकडे म्हणजे एका विशिष्ट नेटवर्कच्या अवकाशातली एक दिशा, बस्स. लांबी आपण नॉर्मलाइझ करताना काढूनच टाकतो. दुसऱ्या नेटवर्कच्या लेखी त्या दिशेला काडीचाही अर्थ नसतो. पण आकडे तिथेही ५१२ च असतात, त्यामुळे कोड कुठेही अडत नाही.

चूक पहिली: ५१२ म्हणजे ५१२, कुठलेही चालतील

ही मी स्वतः केलेली आहे. `inswapper_128.onnx` हे स्वॅप मॉडेल माझ्याकडे व्यवस्थित चालत होतं. सोर्सचं एम्बेडिंग `buffalo_l` या संचातल्या `w600k_r50` नेटवर्कमधून येत होतं. एका संध्याकाळी वाटलं, ओळखणारं नेटवर्क आणखी मोठं घेतलं तर साम्यही वाढेल. `antelopev2` संच लावला, त्यात `glintr100` आहे. त्याचंही आउटपुट ५१२ आकड्यांचं. एरर नाही, वॉर्निंग नाही. आणि स्वतःच्या फोटोवरून केलेल्या स्वॅपमध्ये एक अनोळखी गृहस्थ माझ्याकडे बघत होते. दुसरा फोटो दिला तरी साधारण तेच गृहस्थ. मित्राचा फोटो दिला (त्याला विचारून) तर वेगळे गृहस्थ.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बिघाड यादृच्छिक असता तर दर फोटोला वेगळा चेहरा आला असता. इथे एका माणसाला एकच चुकीचा चेहरा येत होता. म्हणजे एम्बेडिंग माणूस बरोबर ओळखत होतं, पण ऐकणारा वेगळ्या भाषेत ऐकत होता.

खात्री करायला दोन मोजमापं पुरली. माझ्या दोन फोटोंच्या `glintr100` एम्बेडिंगमधला कोसाइन, म्हणजे दोन दिशा किती जुळतात याचा आकडा, चांगला वर होता, म्हणजे ते नेटवर्क ठणठणीत. मग स्वॅपचा निकाल आणि माझा मूळ फोटो दोन्ही `w600k_r50` मधून काढून कोसाइन पाहिला, तर तो शून्याच्या आसपास. ५१२ मितींमध्ये दोन कुठल्याही यादृच्छिक दिशांचा कोसाइन शून्याभोवती साधारण ±०.०४ मध्ये खेळतो. आपला आकडा तिथे आला की समजायचं, सोर्स आणि निकाल यांचा काही संबंध उरलेला नाही. संच पूर्ववत केला आणि आकडा ०.६ च्या पुढे गेला. मॉडेल जसंच्या तसं होतं.

याच मॉडेलमध्ये या चुकीचं एक जुळं भावंड आहे. एम्बेडिंग थेट आत जात नाही, आधी ते ५१२ × ५१२ च्या एका मॅट्रिक्सने गुणलं जातं. हे मॅट्रिक्स एम्बेडिंगला मॉडेलच्या स्वतःच्या अवकाशात नेऊन ठेवतं. ते onnx फाइलमध्येच असतं, शेवटच्या इनिशियलायझरच्या रूपात:

```python
emap = numpy_helper.to_array(model.graph.initializer[-1])
assert emap.shape == (512, 512)

z = face.normed_embedding.reshape(1, -1)
z = z @ emap
z = z / np.linalg.norm(z)
```

स्वतःची पाइपलाइन लिहिताना हे गुणणं राहून गेलं तर पुन्हा तोच तिसरा माणूस. आणि फाइल एखाद्या ऑप्टिमायझरमधून काढली असेल तर `[-1]` वर भरवसा ठेवू नका. इनिशियलायझरचा क्रम बदलू शकतो, किंवा ग्राफमध्ये कुणी वापरत नाही म्हणून मॅट्रिक्सच छाटलं जाऊ शकतं. ती `assert` ची ओळ त्यासाठीच आहे. मूळ फाइलमधून मॅट्रिक्स एकदा `.npy` करून बाजूला ठेवलं की प्रश्न मिटतो.

चूक दुसरी: कातरणं डोळ्यांनी न पाहणं

या चुकीत माणूस पूर्ण बदलत नाही, भाऊ किंवा चुलतभाऊ वाटावा इतपत सरकतो. कारण सहसा क्रॉपमध्ये असतं. आर्कफेस शिकताना प्रत्येक चेहरा पाच बिंदूंवर बसवलेला असतो: दोन डोळे, नाकाचं टोक, ओठांची दोन टोकं. ११२ च्या चौकटीत डोळे साधारण (३८.३, ५१.७) आणि (७३.५, ५१.५) वर येतात. म्हणजे दोन डोळ्यांत ३५ पिक्सेल अंतर आणि दोन्ही उंचीच्या मध्याहून किंचित वर. या चौकटीत केस जवळपास नसतातच.

पुष्कळ जण डेटासेट तयार करताना सैल क्रॉप घेतात, ज्यात कपाळ, केस, मान सगळं येतं. स्वॅपसाठी ते ठीकच आहे. पण तोच क्रॉप नुसता ११२ वर आकसून आर्कफेसला दिला की डोळे जवळ येतात, चेहरा छोटा होतो आणि एम्बेडिंग ढासळतं. नेटवर्क तक्रार करत नाही, आकडे देतच राहतं. उपाय कंटाळवाणा आहे पण खात्रीचा: नेटवर्कमध्ये जाणारं चित्र फाइलमध्ये सेव्ह करा, मोठं करून बघा, डोळ्यांतलं अंतर मोजा. ३५ च्या जागी २० भरलं तर पुढचं काही तपासायची गरज नाही. बाजूने काढलेल्या फोटोत दोन डोळ्यांचे आणि ओठांच्या टोकांचे बिंदू एकमेकांवर चढतात, तिथे सरळ समोरचा फोटो शोधावा.

लाल-निळ्याची अदलाबदलही याच टप्प्यावर होते. ओपनसीव्ही BGR देतं, या नेटवर्कना RGB लागतं. चॅनेल उलटे गेले तरी चेहरा बराचसा ओळखला जातो, म्हणूनच ही चूक महिनोन् महिने लपून राहते.

चूक तिसरी: डोळे झाकून सरासरी

एका फोटोऐवजी पाच-सहा फोटोंच्या एम्बेडिंगची सरासरी घेतली की उजेड आणि हावभावांचा गोंगाट कमी होतो. पद्धत चांगली आहे, पण दोन गोष्टी राहून जातात. सरासरीची लांबी १ राहत नाही. ज्यांचा कोसाइन ०.६ आहे अशा दोन एकक व्हेक्टरची सरासरी ०.८९ लांबीची होते. म्हणून शेवटी पुन्हा नॉर्मलाइझ करायलाच हवं. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. ग्रुप फोटोतून डिटेक्टरने शेजाऱ्याचा चेहरा उचलला असेल, तर दोनच फोटोंच्या सरासरीत तुम्ही दोघांपासून सारख्याच ४५ अंशांवर जाऊन उभे राहता. स्वॅप तिथलाच माणूस रंगवतो. सरासरीआधी सगळ्या जोड्यांचे कोसाइन छापून बघा. परका लगेच दिसतो, त्याच्या ओळीत सगळे आकडे शून्याजवळ असतात.

चूक चौथी: ट्रेनिंगमध्ये दोर कापणं, आणि मग दोरालाच न्यायाधीश करणं

स्वतः ट्रेन करणाऱ्यांसाठी हे. आयडेंटिटी लॉस साधा आहे: निकालाचं एम्बेडिंग आणि सोर्सचं एम्बेडिंग यांचा कोसाइन १ मधून वजा करायचा. ओळखणारं नेटवर्क गोठवलेलं असतं, म्हणून काही जण सगळंच `no_grad` मध्ये गुंडाळतात. वजनं गोठवायची असतात, ग्रेडियंटची वाट नाही:

```python
arcface.eval().requires_grad_(False)
with torch.no_grad():
    z_src = F.normalize(arcface(src112), dim=1)
z_out = F.normalize(arcface(warp112(out)), dim=1)
loss_id = 1 - (z_src * z_out).sum(1).mean()
```

`z_out` ची ओळ आत गेली की जनरेटरला माणसाविषयी काहीच कळवलं जात नाही. बाकीचे लॉस छान उतरतात, चित्रं सुंदर येतात, आणि प्रत्येक निकालात टार्गेटचाच चेहरा जसाच्या तसा असतो. `loss_id` १ च्या आसपास ठाण मांडून बसतो. तसाच बसला तर आधी ही ओळ बघा. `warp112` म्हणजे वर सांगितलेल्या पाच बिंदूंवर बसवणारं, पण ग्रेडियंट जाऊ देणारं वॉर्पिंग. `grid_sample` ने ते होतं, ओपनसीव्हीने होत नाही.

दोर जोडला की उलटा मोह सुटतो: या लॉसचं वजन वाढवत न्यायचं. कोसाइन चढत जातो, डोळ्यांना मात्र साम्य वाढलेलं दिसत नाही. उलट टार्गेटचा हावभाव गोठतो, त्वचेवर विचित्र पोत उमटतो. जनरेटर त्या एका नेटवर्कला खूश करायला शिकलेला असतो. म्हणून ज्या नेटवर्कने शिकवलं त्यानेच परीक्षा घेऊ नये. २०१९ च्या फेसशिफ्टरच्या संशोधकांनी तपासणीसाठी कॉसफेस हे वेगळं नेटवर्क वापरलं होतं, ते याच धोरणाने. तुमच्याकडे शिकवणाऱ्याचा आकडा वर जातोय आणि परक्याचा जागेवरच आहे असं दिसलं, की वजन मागे घ्या.

शेवटी एक तक्रार, जी बिघाड नव्हेच: सोर्सची दाढी आली नाही, केस आले नाहीत, चेहऱ्याचा लांबोडका घाट आला नाही. केस त्या ११२ च्या चौकटीत जवळपास नव्हतेच. दाढी आज आहे, उद्या नाही, म्हणून ओळखणारं नेटवर्क मुद्दाम तिच्याकडे काणाडोळा करायला शिकलेलं असतं. घाट तर टार्गेटच्या बाह्यरेषेतून येतो. यासाठी कितीही चांगलं एम्बेडिंग शोधलं तरी उपयोग नाही. सोर्सशी डोक्याची ठेवण आणि दाढी जुळेल असं टार्गेट निवडणं हाच मार्ग.