चष्मा नक्की कोणी लावला? वाक्यातला हरवलेला कर्ता कसा शोधावा

तुझ्या कथेचे मुद्रित तपासताना दुसऱ्या पानावर हे वाक्य आले आणि मी तिथे थांबलो:

‘चष्मा लावून पत्रातली अक्षरे स्पष्ट झाली.’

तुला काय म्हणायचे आहे ते मला कळले. पण वाक्य म्हणते आहे की अक्षरांनी चष्मा लावला. ‘लावून’ या शब्दाला स्वतःचा कर्ता नाही. असा शब्द पुढच्या मुख्य क्रियापदाच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. इथे मुख्य क्रियापद ‘झाली’, आणि स्पष्ट झाली ती अक्षरे. म्हणून चष्माही त्यांच्याच नाकावर बसला. लिहिताना तुझी नायिका तुझ्या डोळ्यांसमोर होती, त्यामुळे ती वाक्यातून गळाली आहे हे तुला जाणवले नाही. वाचकाजवळ मात्र फक्त वाक्य असते.

हे तपासायला हातात पेन्सिल घे आणि ‘ऊन’ व ‘ताना’ने संपणाऱ्या क्रियारूपांखाली रेघ ओढ: लावून, उघडून, चढताना, पाहताना. कथा शेवटच्या परिच्छेदाकडून वर वाचत ये, म्हणजे गोष्टीच्या ओघात तू वाहून जाणार नाहीस आणि प्रत्येक वाक्य सुटे दिसेल. मग रेघ ओढलेल्या प्रत्येक शब्दाला विचार: कोणी? आणि मुख्य क्रियापदालाही तेच विचार. दोन्ही उत्तरे एकच आली तर पुढे जा. ‘खिडकी उघडून थंड वारा आत आला’ इथे खिडकी उघडली कोणी? माणसाने. आत आला कोण? वारा. म्हणजे वाक्य बिघडले आहे.

कर्ता ओळखताना एक घोटाळा होतो. ‘तिने दार उघडून पत्र घेतले’ यात ‘घेतले’ हे रूप पत्राप्रमाणे चालते, म्हणून काहींना पत्र हाच कर्ता वाटतो. तो कर्मणी प्रयोग आहे. पत्र घेणारी ‘ती’च आहे, दार उघडणारीही तीच. वाक्य निर्दोष आहे. रूप कोणाप्रमाणे चालते ते पाहू नकोस, काम कोण करते ते पाहा.

आता चष्म्याचे वाक्य दुरुस्त करू. पहिल्या झटक्यात हात ‘तिने’ हा शब्द घालायला जातो: ‘तिने चष्मा लावून पत्रातली अक्षरे स्पष्ट झाली.’ हे आधीपेक्षा वाईट झाले, कारण ‘तिने’ला पुढे मुख्य क्रियापदच मिळत नाही. ‘चष्मा लावून तिने पत्र वाचले’ हे बरोबर आहे, पण अक्षरे स्पष्ट होण्याचा क्षण त्यात गेला, आणि तुझ्या कथेत तोच महत्त्वाचा आहे. ‘तिने चष्मा लावल्यावर पत्रातली अक्षरे स्पष्ट झाली’ हे चालेल, कारण ‘ल्यावर’ दोन वेगळे कर्ते सहज सांभाळते. मला विचारशील तर मी वाक्य तोडीन: ‘तिने चष्मा लावला. पत्रातली अक्षरे स्पष्ट झाली.’

पण दिसला ‘ऊन’ की खोड, असे करू नकोस. ‘गाडी उलटून तिघे जखमी झाले’ यात कर्ते दोन आहेत, तरी वाक्य चोख आहे. उलटणारी गाडी तिथे स्पष्ट सांगितली आहे. ‘पत्र वाचून तिला रडू आले’ हेही बरोबर. व्याकरणाने ‘रडू’ हा कर्ता असला तरी अनुभव घेणारी ‘ती’ वाक्यात हजर आहे, आणि ‘वाचून’ तिलाच जाऊन मिळते. ‘तिला जाऊन दोन वर्षे झाली’ ही तर भाषेची रूढ धाटणीच आहे.

‘ताना’ ‘ऊन’पेक्षा सैल आहे, म्हणून तिथे विनोद कमी आणि संदिग्धता जास्त होते. ‘मी त्याला जिना उतरताना पाहिले.’ उतरत कोण होते? दोन्ही अर्थ लागतात. तो उतरत असेल तर ‘तो जिना उतरत असताना मी त्याला पाहिले’ असे लिही. तू उतरत असशील तर स्वतःला त्या क्रियेशेजारी आण: ‘मी जिना उतरत होते, तेव्हा तो दिसला.’

चौथ्या पानावर ‘टेबलाखाली वाकून मांजर झोपलेले दिसले’ या वाक्याखाली मी रेघ मारली आहे, पण दुरुस्ती केलेली नाही. त्या खोलीत आई आणि मुलगी दोघी आहेत, आणि वाकली कोण हे मला कथेवरून कळत नाही. ते तूच ठरवून मला कळव.