मांडव उतरवायचा कोणी?

वाशीतल्या आमच्या कॉलेजच्या फेस्टचा डब्ल्यूबीएस, म्हणजे सगळ्या कामाची फांद्याफांद्यांनी केलेली फोड, काढताना 'स्टेज' या फांदीखाली आम्ही मांडव, साउंड आणि लाइट लिहिलं होतं. रात्री कार्यक्रम संपल्यावर मांडववाल्याने विचारलं, "उतरवायला पोरं कुठायत?" सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

डब्ल्यूबीएसचा 'शंभर टक्के नियम' इथेच लागतो: खालच्या कामांची बेरीज वरच्या कामाइतकीच हवी, कमी नाही आणि जास्तही नाही. तपासायची युक्ती सोपी आहे. 'स्टेज' हा शब्द बोटाने झाका, खालची कामं वाचा आणि विचारा, एवढं झालं की स्टेजचं सगळं झालं का? आमच्याकडे पोलिसांची परवानगी, उतरवणी आणि हिशेब राहिले होते. उलट जनरेटर साउंडखालीही होता आणि लाइटखालीही. अशाने एक तर दोन जनरेटर येतात, नाहीतर एकही नाही.

फोड थांबवायची ती वर्क पॅकेजवर, म्हणजे एकच जबाबदार माणूस, अंदाज बांधता येईल असा खर्च आणि वेळ, आणि 'झालं की नाही' याचं सरळ उत्तर. 'तपासून घेतलेली साउंड सिस्टीम' हे वर्क पॅकेज. 'साउंडवाल्याला फोन' ही त्यातली कृती, ती वेळापत्रकात टाका.