बग दुरुस्तीला दोन दिवस जास्त लागणार, हे मॅनेजरला कसं कळवावं

समजा, राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगच्या काट्यावर कापसाची नोंद मोबाईल ॲपमध्ये होते. एकाच बंडीची पावती अधूनमधून दोनदा पडते. 9.40 क्विंटल दोनदा चढले, तर चुकाराही दोनदा निघणार. दुरुस्ती बुधवारी संध्याकाळी द्यायची ठरली होती. मंगळवारी दुपारी लक्षात आलं की ती शुक्रवारपर्यंत जाणार.

मग मंगळवारीच कळवा. बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबलात, तर मॅनेजरने तोवर जिनिंगवाल्यांना शब्द दिलेला असतो.

सगळ्यात जास्त लक्ष कारणावर द्या. नुसतं ‘काम किचकट निघालं’ लिहिलं की समोरच्याला काहीच कळत नाही. आधी काय धरलं होतं, काय निघालं आणि ते कशावरून, हे तिन्ही लिहा. इथे आधी वाटलं होतं की काटेवाला बटण दोनदा दाबतो. बटण एका दाबात बंद केलं, तरी पावत्या दुबार पडतच राहिल्या. सर्व्हरवरच्या वेळा पाहिल्या तर दोन नोंदींत दरवेळी साधारण 30 सेकंदांचं अंतर, आणि ॲपही उत्तराची वाट 30 सेकंदच पाहतं. म्हणजे नोंद सर्व्हरवर पोचते, पण रेंज गेल्याने उत्तर परत येत नाही आणि ॲप तीच नोंद पुन्हा पाठवतं. अंदाज आपला चुकला असेल, तर तेही सरळ लिहा. खापर रेंजवर फोडू नका. रेंज जाणारच, हे धरूनच ॲप बनवायला हवं होतं.

मग दोन दिवसांचा हिशेब द्या, आणि या दोन दिवसांत काय होणार नाही तेही सांगा. निरोप असा जाईल:

> सर, दुबार पावतीची दुरुस्ती बुधवारऐवजी शुक्रवारी संध्याकाळी 6 पर्यंत होईल. बटण दोनदा दाबलं जातं हा माझा अंदाज चुकला. उत्तर न आल्याने ॲप तीच नोंद पुन्हा पाठवतं. दोन नोंदींतलं 30 सेकंदांचं अंतर हा त्याचा पुरावा.
> बुधवार-गुरुवार: प्रत्येक पावतीला फोनवरच वेगळा क्रमांक देणं आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनी पावती परत देणं.
> शुक्रवार: नोंद पाठवताच फोनचं नेट बंद करून चाचणी.
> जुन्या दुबार नोंदी यात येत नाहीत. एका शेतकऱ्याच्या दोन बंड्यांचं वजन सारखं असू शकतं, म्हणून त्या कागदी पावतीशी ताडूनच काढाव्या लागतील.
> तोवर संशयित नोंदींची यादी रोज संध्याकाळी पाठवतो. चुकारा काढण्याआधी ती पाहायला सांगाल का?

प्ले स्टोअरची मंजुरी लागणार असेल, तर ‘शुक्रवारी 6’ म्हणजे ॲप तिथे चढवण्याची वेळ, हे वेगळं लिहा. काटेवाल्यांच्या फोनमध्ये ते कधी येईल, हे आपल्या हातात नसतं.

गुरुवारी संध्याकाळी दोन ओळी पुन्हा टाका: फोनचा आणि सर्व्हरचा भाग झाला की नाही. राहिला असेल, तर तो कुठे अडला हे त्याच निरोपात लिहा.